आधी निवडा, मग जोडा

आम्ही एका बचत गटातल्या पाच जणी. गावातल्या कामांच्या लहान लहान फिल्म आम्ही मोबाईलवर करतो आणि महिला ग्रामसभेत, मेळाव्यात, शेजारच्या गावात दाखवतो. मोबाईल कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा, हे आता पुष्कळ गटांना जमतं. पण शूटिंग झाल्यावर सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. मोबाईलमध्ये शंभर-दीडशे क्लिपा पडलेल्या असतात. त्यात कोणी काय चांगलं सांगितलं, ते आठवत असतं पण सापडत नाही. मग जी क्लिप हाताला लागेल ती फिल्ममध्ये जाते.

आज आम्ही त्या मधल्या कामाबद्दल बोलणार आहोत. शूटिंग संपलं आहे आणि एडिटिंग अजून सुरू व्हायचं आहे, अशा वेळी क्लिपा निवडायच्या कशा, त्यांना नावं काय द्यायची आणि कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायच्या? आमच्या एका फिल्मचंच उदाहरण घेऊ, म्हणजे हवेतलं बोलणं नको.

फिल्मचा विषय होता घरावर बायकोचं नाव. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लावायचं, त्यासाठी अर्ज कसा करायचा, कोणाला भेटायचं, हे बारा मिनिटांत दाखवायचं होतं. शूटिंग तीन दिवस चाललं. दोन मोबाईल होते. एक समोरून माणूस आणि जागा घ्यायचा, दुसरा हात, कागद, शिक्के जवळून घ्यायचा. तीन दिवसांत १४६ क्लिपा झाल्या आणि त्या सलग लावल्या तर सव्वापाच तासांच्या भरत होत्या. एडिटिंग तालुक्याच्या गावातला एक मुलगा करून देतो. पोरगं हुशार आहे, पण शूटिंगच्या वेळी तो नव्हता. ग्रामसेवक भाऊसाहेबांचं कोणतं बोलणं खरं कामाचं, आणि कोणत्या ताईंनी काय दाखवू नका म्हणून सांगितलं, हे त्याला कसं कळणार? ते सांगण्यासाठी आम्ही त्याच्या शेजारी बसणार नव्हतो. आमच्या जागी आमची नावं आणि आमची वही बोलणार होती.

पहिलं काम उतरवून घेण्याचं. ते रोज संध्याकाळी त्याच दिवशी करायचं. मोबाईल केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि क्लिपा कॉपी करायच्या. कट करून पेस्ट करायच्या नाहीत. कट केलं आणि मध्येच वीज गेली किंवा केबल हलली, तर अर्धी क्लिप इकडे आणि अर्धी कुठेच नाही, असं होऊ शकतं. कॉपी केल्यावर दोन्हीकडचा हिशेब लावायचा. मोबाईलमध्ये ५२ क्लिपा असतील तर लॅपटॉपवरही ५२ हव्यात, आणि एकूण एमबीचा आकडाही जुळायला हवा. एखादी क्लिप शून्य एमबीची दिसली किंवा चालवल्यावर मध्येच थांबली, तर ती नीट उतरलेली नाही. ती पुन्हा घ्यायची. सगळ्यात लांब क्लिप शेवटपर्यंत सरकवून बघायची, कारण गडबड झाली तर बहुतेक वेळा लांब क्लिपेतच होते.

दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर करायची. आमच्याकडे ही डिस्क गटाच्या कपाटात, दप्तराबरोबर असते. त्यात क्लिपा मोबाईलनं दिलेल्या मूळ नावानंच राहतात. तिथे आम्ही नावं बदलत नाही आणि काही पुसत नाही. जी काही निवड-टिपण करायची ती लॅपटॉपवरच्या प्रतीवर. हात चुकला तरी मूळ माल कपाटात शाबूत असतो. या दोन्ही प्रती झाल्या, तपासून झाल्या, की मगच मोबाईल रिकामा करायचा. साधारण व्हिडिओला मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी लागतात. आमचे सव्वापाच तास म्हणजे जवळजवळ चाळीस जीबी झाले. म्हणून मोबाईल रोज रिकामा करणं भागच असतं, आणि म्हणूनच तपासणीत घाई करून चालत नाही.

क्लिपा व्हॉट्सॲपवरून पाठवून लॅपटॉपवर घेऊ नका. पुष्कळ गट तसं करतात, कारण ते सोपं पडतं. पण साध्या पद्धतीनं पाठवलेला व्हिडिओ व्हॉट्सॲप दाबून लहान करतो, आणि मोठ्या पडद्यावर चेहरे पुसट दिसतात. शिवाय तो नावही बदलतो. मोबाईलनं दिलेलं नाव असं असतं:

```
VID_20240612_101523.mp4
```

यात २०२४ साल, जून महिना, १२ तारीख, आणि वेळ दहा वाजून पंधरा मिनिटं तेवीस सेकंद, एवढं सगळं लिहिलेलं आहे. काही कंपन्यांच्या मोबाईलमध्ये पुढचं VID नसतं, पण तारीख-वेळ असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपेचं नाव मात्र असं होतं:

```
VID-20240612-WA0007.mp4
```

वेळ गेली. आता दोन मोबाईलांनी एकाच वेळी घेतलेल्या क्लिपा कोणत्या, हे नावावरून जुळवता येत नाही. मूळ नाव राहिलं असेल, तर भाऊसाहेब बोलत असताना दुसऱ्या मोबाईलनं काय टिपलं, ते वेळ बघून चटकन मिळतं. त्यासाठी दोन्ही मोबाईलांची घड्याळं सारखी आहेत ना, एवढं सकाळी बघून घ्यायचं.

आता वही. आमच्यातली एक ताई शूटिंगच्या वेळी फक्त वही सांभाळते. मोबाईलला ती हात लावत नाही. प्रत्येक क्लिपेच्या सुरुवातीला बोलणाऱ्याच्या आधी तिचा आवाज येतो: "ग्रामसेवक, अर्ज, टेक दोन." टेक म्हणजे तीच गोष्ट किती वेळा घेतली त्याचा आकडा. क्लिप संपली की ती लगेच शेरा लिहिते. ट्रॅक्टर गेला. डोक्यावरचा पदर माईकला घासला. उन्हाची तिरीप चेहऱ्यावर आली. हे शेरे तिथल्या तिथे दोन शब्दांत होतात. चार दिवसांनी ते कोणालाच आठवत नाहीत.

पण शूटिंगच्या वेळचा शेरा पुरेसा नसतो. संध्याकाळी क्लिपा लॅपटॉपवर आल्या की आम्ही दोघी त्या बघायला बसतो. एक बघते, दुसरी लिहिते. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर चित्र नेहमी स्वच्छच दिसतं. ते किंचित पुसट आहे की काय, हे लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर केल्यावर कळतं. आवाजासाठी कानात इयरफोन घालायचे आणि एकदा डोळे मिटून ऐकायचं. डोळे उघडे असले की चेहऱ्याकडे लक्ष जातं, आणि मागची पिठाची गिरणी ऐकूच येत नाही.

मुलाखती आम्ही पूर्ण ऐकतो. यात काटकसर करता येत नाही. जेवढ्या तासांची मुलाखत तेवढे तास जातातच. बाकीच्या क्लिपा पुढे सरकवत बघितल्या तरी चालतात. आमच्या तीन संध्याकाळी यात गेल्या, रोज दोन-अडीच तास. घरची कामं उरकून एवढा वेळ काढणं सोपं नाही, म्हणून आम्ही पाळ्या लावून घेतल्या.

वहीत लिहायचं काय? आमच्या वहीत एका क्लिपेची ओळ अशी असते: कोण, कशाबद्दल, कितवा टेक, क्लिपेत किती मिनिटं किती सेकंदांवर कामाचं वाक्य आहे, आवाज कसा, चित्र कसं. यात मिनिट-सेकंद फार मोलाचं. थोरल्या आजींची मुलाखत बावीस मिनिटांची सलग एक क्लिप होती. तिला फोल्डरमध्ये कितीही छान नाव दिलं, तरी त्या बावीस मिनिटांत नेमकं वाक्य कुठे आहे ते नाव सांगू शकत नाही. वही सांगते. आजी चौदा मिनिटं दहा सेकंदांवर म्हणतात की घर मी शेणामातीनं सारवलं, कागदावर मात्र मी कुठेच नव्हते. फिल्मची सुरुवात त्या वाक्यानं झाली. एडिटिंगवाल्या मुलाला ते शोधायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

लांब मुलाखतीचे तुकडे मात्र आधीच करू नका. कोणतं वाक्य कोणत्या वाक्यानंतर आलं, हे कळायला ती अखंडच लागते. तुकडे करायची वेळ कधी येते, ते पुढे सांगतो.

ऐकताना आम्ही प्रत्येक टेकला ए, बी किंवा सी देतो. ए म्हणजे आवाज आणि चित्र दोन्ही चांगलं. बी म्हणजे एक चांगलं, दुसरं चालण्यासारखं. सी म्हणजे अगदीच अडलं तर. मुलाखतीत आम्ही आधी आवाज बघतो. चित्र थोडं हललं तर त्यावर दुसरं चित्र लावता येतं, पण शब्दच ऐकू आले नाहीत तर काही करता येत नाही. आणि एक बघायचं, की उत्तर आपल्या पायावर उभं आहे का. आपण विचारलं, "अर्ज कुठे दिला?" आणि ताई म्हणाल्या, "तिथेच, सांगितलं ना." प्रश्न काढून टाकला तर या उत्तराला काही अर्थ उरत नाही. अशी क्लिप कितीही स्वच्छ असली तरी तिला ए देत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गोष्ट. भाऊसाहेबांनी अर्जाची माहिती तीनदा सांगितली. पहिल्या टेकला बाहेरून ट्रॅक्टर गेला आणि मधली दोन वाक्यं त्यात बुडाली. दुसऱ्या टेकला आवाज छान आला, पण ते खाली कागदाकडे बघून बोलले, चेहरा अर्धा झाकला गेला. तिसऱ्या टेकला त्यांनी समोर बघून, हसून, न अडखळता सगळं सांगितलं. शूटिंगच्या जागी आम्ही सगळ्या म्हणालो, झालं, हाच घ्यायचा. वहीतही तिसऱ्या टेकपुढे ए लागला.

संध्याकाळी दोघी ऐकायला बसल्या तेव्हा फरक लक्षात आला. दुसऱ्या टेकमध्ये एक्केचाळीस सेकंदांवर भाऊसाहेब म्हणतात की अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, म्हणजे पोच घ्या. तिसऱ्या टेकमध्ये हे वाक्य नाही. त्यांच्या बोलण्याच्या ओघात ते राहून गेलं. आता पोच नसेल तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. महिन्यांनी चौकशीला गेलं, की अर्ज मिळालाच नाही असं उत्तर येऊ शकतं, आणि आपल्या हातात काही नसतं. फिल्म बघून ज्या बाया अर्ज करणार होत्या, त्यांना हे एक वाक्य मिळणार की नाही, हे आमच्या निवडीवर होतं. एडिटिंगवाल्या मुलाला नुसत्या तीन क्लिपा दिल्या असत्या तर त्यानं सगळ्यात देखणी तिसरी उचलली असती. त्यात त्याचा काही दोष नाही.

म्हणून दुसऱ्या टेकच्या नावातच आम्ही तो शब्द घातला. दोन्ही नावं अशी:

```
gramsevak_arj_T02_B_poch_D2M1_101140.mp4
gramsevak_arj_T03_A_D2M1_101523.mp4
```

नाव वाचायला सोपं आहे. कोण, कशाबद्दल, कितवा टेक, दर्जा, असलाच तर खास शब्द, मग दुसरा दिवस आणि पहिला मोबाईल, आणि शेवटी मोबाईलनं दिलेली मूळ वेळ. ती वेळ आम्ही कधी काढत नाही. नाव बदलल्यावरही कपाटातल्या डिस्कवरची मूळ क्लिप तिच्यामुळेच ओळखू येते. माणसाचं नाव आधी लिहिल्यानं एकाच माणसाचे सगळे टेक यादीत एकाखाली एक येतात. टेकच्या आकड्यापुढे शून्य घालायचं, 2 ऐवजी 02. नाहीतर काही सॉफ्टवेअरच्या यादीत दहावा टेक दुसऱ्याच्या आधी जाऊन बसतो. नावं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता लिहितो, कारण काही जुन्या सॉफ्टवेअरला मराठी अक्षरं नीट दाखवता येत नाहीत. शब्द मात्र आपलेच, अर्ज, पोच, आजी. गटातल्या कोणालाही कळायला हवेत.

फिल्ममध्ये शेवटी तिसरा टेक लागला आणि पोच घेण्याच्या वाक्यापुरता दुसऱ्याचा आवाज. त्या वेळी पडद्यावर भाऊसाहेबांचा चेहरा नाही. दुसऱ्या मोबाईलनं जवळून घेतलेला हात आहे, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारताना. ती क्लिपही नावावरूनच सापडली:

```
poch_shikka_T02_A_D2M2_104010.mp4
```

आता फोल्डर. आम्ही मोजकेच करतो. खूप फोल्डर केले की कुठली वस्तू कुठल्या डब्यात, हेच आठवत नाही. लॅपटॉपवर आमची मांडणी अशी होती:

```
gharavar_naav
  00_vahi
  01_mulakhati
  02_kruti
  03_bhar
  04_bajula
  90_dakhvu_naye
```

पहिल्या फोल्डरमध्ये वहीच्या पानांचे फोटो. वही घरी राहिली तरी एडिटिंगवाल्याला वाचता येते. मुलाखतींच्या फोल्डरमध्ये प्रत्येक माणसाचा एक छोटा फोल्डर, आणि त्यात २१ क्लिपा. कृतीमध्ये ५८ क्लिपा, पायरीप्रमाणे लावलेल्या: अर्ज लिहिणं, सह्या, पंचायतीत जाणं, पोच, मासिक सभा, नवा उतारा. भर म्हणजे मधे मधे लावायची दृश्यं, घराचा उंबरा, चूल, पंचायतीची पाटी, रस्ता. ती ४९ झाली. बाजूला ठेवलेल्या १७, आणि शेवटच्या फोल्डरमध्ये एक. जमा १४६. बेरीज जुळली म्हणजे एकही क्लिप हरवलेली नाही. हा ताळा आम्ही नेहमी करतो.

कोणती क्लिप कुठे ठेवायची, याबद्दल आमच्यात वाद व्हायचे. आजी चुलीपुढे बसून बोलतात, मग ती मुलाखतीत की भरीत? आम्ही ठरवलं की एका क्लिपेला एकच घर. तोंडून बोललेलं कामाचं असेल तर मुलाखत, हातांनी केलेलं कामाचं असेल तर कृती, आणि दोन्ही नसेल तर भर. दुसरीकडेही ती उपयोगी असेल तर वहीत तसं लिहायचं, पण क्लिप दोन ठिकाणी कॉपी करायची नाही. दोन प्रती झाल्या की डिस्क भरते आणि शेवटी कोणती लावली ते कोणालाच सांगता येत नाही.

बाजूला ठेवलेल्या क्लिपा म्हणजे खिशात चालू राहिलेला मोबाईल, जमिनीचं चित्र, सुरू होताच बंद केलेली क्लिप. त्या फिल्म दाखवून होईपर्यंत पुसू नका. त्यातली एक अशी होती की अंगणवाडीच्या ओट्यावर मोबाईल चालूच राहिला होता. चित्र नुसतं छपराचं. पण मिनिटभर कोणी बोललं नव्हतं, लांबून पोरांचा आणि चिमण्यांचा आवाज होता. दोन वाक्यांच्या मध्ये आवाज एकदम तुटल्यासारखा वाटत होता, तिथे एडिटिंगवाल्यानं तोच आवाज खाली लावला. ही क्लिप त्याला सापडली ती वहीतल्या शेऱ्यामुळे: "चित्र नाही, शांत आवाज चांगला."

शेवटच्या फोल्डरमधल्या एका क्लिपेबद्दल जरा सविस्तर सांगतो. एक ताई चौदा मिनिटं बोलल्या. नवरा गेल्यावर घरावर नाव लावताना काय काय सोसलं, ते त्यांनी सांगितलं. बोलता बोलता सहा मिनिटं दहा सेकंदांपासून आठ पंचवीसपर्यंत घरातल्या माणसांबद्दल बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "अर्जाचं दाखवा, पण ते घरातलं नको. मला त्याच घरात राहायचं आहे."

वहीत तसं लिहिलं. पण नुसतं लिहून भागणार नव्हतं, कारण नको असलेलं आणि हवं असलेलं एकाच क्लिपेत होतं. ती क्लिप एडिटिंगवाल्याच्या हाती गेली असती तर तो चांगला भाग शोधताना सगळंच ऐकणार, आणि नेमकं तेच त्याला भारी वाटणार. इथे तुकडे करणं गरजेचं होतं. सुरुवातीपासून सहा मिनिटांपर्यंतचा एक आणि साडेआठ मिनिटांपासून शेवटपर्यंतचा एक, असे दोन तुकडे आम्ही नवी प्रत म्हणून साठवले. दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडली, म्हणजे नको असलेल्या बोलण्याचा शेपटाचा शब्दही राहायला नको. तुकडे करताना मूळ क्लिपेवरच साठवू नका, नाहीतर पहिला तुकडा करतानाच बाकीचं निघून जातं. हे दोन तुकडे मुलाखतींमध्ये गेले. आधीच्या ताळ्यात आम्ही ते धरले नव्हते, कारण ते त्या एका क्लिपेचेच भाग. अखंड क्लिप ९० नंबरच्या फोल्डरमध्ये गेली.

९० नंबर का? सगळ्यांच्या शेवटी दिसावा आणि वेगळा उठून दिसावा म्हणून. एडिटिंगसाठी पेन ड्राइव्ह भरताना बाकीचे फोल्डर जातात, हा जात नाही. कपाटातल्या डिस्कवरची मूळ क्लिप ठेवायची की पुसायची, हे आम्ही ठरवलं नाही, त्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या पुसा. मग डिस्कवरून आणि लॅपटॉपवरून, दोन्हीकडून त्यांच्यासमोर पुसली आणि वहीत तारीख लिहिली. लॅपटॉपवर पुसलेली वस्तू रिसायकल बिनमध्ये राहते, तीही रिकामी करायची. तयार फिल्म आधी त्यांना एकटीला दाखवली, मग ग्रामसभेत.

एवढं सगळं एडिटिंगच्या आधीच का, असं कोणी विचारेल. नंतर फोल्डर लावले तर काय बिघडतं? बिघडतं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा क्लिप स्वतः जात नाही, तिचा पत्ता जातो. कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाची, एवढंच ते लक्षात ठेवतं. एडिटिंग सुरू झाल्यावर आपण नाव बदललं किंवा क्लिप दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, की सॉफ्टवेअरला ती सापडत नाही आणि तिच्या जागी फाईल मिळत नसल्याची पाटी येते. पत्ता पुन्हा जोडून देता येतो, पण एकेका क्लिपेसाठी ते करत बसावं लागतं. म्हणून आमचा नियम असा की पेन ड्राइव्ह दिल्यावर नावाला हात लावायचा नाही. नवं काही सुचलं तर वहीत लिहायचं आणि मुलाला फोन करायचा.

हेही सांगतो की प्रत्येक वेळी एवढं सगळं लागत नाही. एखाद्या कार्यक्रमाच्या वीस क्लिपा असतील तर एक फोल्डर आणि वहीचं एक पान पुरतं. पण तेव्हाही तीन गोष्टी सोडू नका. क्लिपा केबलनं उतरवून दोन ठिकाणी ठेवायच्या. कामाचं वाक्य कितव्या मिनिटाला आहे ते लिहायचं. आणि कोणी काही दाखवू नका म्हटलं असेल, तर ती क्लिप त्याच संध्याकाळी बाजूला काढायची.

त्या फिल्मच्या १४६ क्लिपांपैकी ए दर्जाच्या ३८ निघाल्या. बारा मिनिटांच्या फिल्मला तेवढ्या पुरून उरल्या. महिला ग्रामसभेत फिल्म संपल्यावर मागे बसलेल्या एकीनं पहिला प्रश्न विचारला तो पोचेबद्दल: "शिक्का आपल्याच प्रतीवर मारून घ्यायचा ना?" भाऊसाहेब समोरच बसले होते. त्यांनी हो म्हटलं.